मदत हवी आहे: 'चूक'सारखे अपवाद सुचवा

नमस्कार मंडळी. नागपुरात हिंदी माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवतो. घोडा-घोडे, फूल-फुले, नदी-नद्या त्यांना जमतं. अडतात ती अकारान्त स्त्रीलिंगी नामांशी, कारण वीटचं विटा होतं, पण भिंतचं भिंती.

मूळ संस्कृत शब्दावरून फरक कळतो: जिह्वा आकारान्त म्हणून जिभा, भित्ती आणि महिषी इ-ईकारान्त म्हणून भिंती, म्हशी. पण आठवीच्या मुलांना संस्कृत कुठून येणार? आणि तारीख, इमारत यांना ती युक्ती लागूच नाही.

म्हणून एकवचनी सामान्यरूपाकडे वळलो. आधी 'ला' किंवा 'त' लावून पाहायचं. तारखेला, बँकेत असा ए आला तर तारखा, बँका. विहिरीत, इमारतीत अशी ई आली तर विहिरी, इमारती. मुलं बोलताना ही रूपं बरोबर वापरतात, त्यामुळे कसोटी छान चालते. फक्त 'चूक' फसवते: चुकीला माफी, पण अनेकवचन चुका.

अपवादांची वेगळी यादी करतोय. बस-बसेस नको, फक्त अकारान्त स्त्रीलिंगी, रोजच्या वापरातली आणि प्रमाण लेखनात चालणारी नामं हवीत. सामान्यरूपात ई, पण अनेकवचनात आ, किंवा याच्या उलट, असे आणखी कोणते शब्द आहेत?