मदत हवी आहे: पेन्ने बाहेरून बुळबुळीत, आत कच्चा. पाणी किती, मीठ किती, आणि उकडल्यावर धुवायचा का?

धायरीकर:
शनिवारी रात्री सहा माणसं जेवायला आहेत, लाल सॉसमधला पेन्ने करायचा आहे. माझी पद्धत अशी: तीन लिटरच्या पातेल्यात दोन लिटर पाणी उकळते, चहाचा एक चमचा मीठ आणि थोडं तेल घालते, 500 ग्रॅमचं पाकीट एकदम ओतते. पाकिटावर 11 मिनिटं लिहिलीत, तेवढी देते. तरी नळ्या एकमेकींना चिकटतात, वरून बुळबुळीत होतात आणि काहींच्या मधे कणी राहते. चिकटपणा जावा म्हणून चाळणीत घालून नळाखाली धुते, तर सॉस नळ्यांवर बसतच नाही, ताटलीत खाली पाणी सुटतं. नक्की कुठे चुकतंय?

रवाळ:
धायरीकर ताई, चूक पाण्यात आहे, बाकी सगळं त्यातून येतं. दोन लिटरमध्ये अर्धा किलो कोरडा पास्ता पडला की उकळी बसते आणि घरच्या गॅसवर ती परत यायला बराच वेळ लागतो. तोवर नळ्या नुसत्या गरम पाण्यात तळाशी पडून असतात. वरचा स्टार्च फुगून चिकट होतो आणि जिथे दोन नळ्या चिकटल्या, तिथे आत पाणी पोचत नाही. तुमची कणी तिथलीच.

100 ग्रॅम पास्त्याला एक लिटर पाणी आणि 10 ग्रॅम मीठ, हे इटलीतल्या घराघरातलं माप. म्हणजे तुम्हाला पाच लिटर हवेत, आणि ते एका भांड्यात मावणार नाहीत. दोन शेगड्या वापरा. पाच लिटरचा कुकर असेल तर झाकण न लावता त्यात तीन लिटर पाणी आणि 300 ग्रॅम पेन्ने, तुमच्या पातेल्यात दोन लिटर आणि 200 ग्रॅम. मीठ पहिल्यात 30 ग्रॅम, दुसऱ्यात 20. बारीक मिठाचा चहाचा सपाट चमचा साधारण 6 ग्रॅमचा असतो, तेव्हा पाच चमचे आणि सव्वातीन चमचे. खडेमीठ असेल तर वजन करूनच घ्या.

खळखळून उकळी आल्यावरच पास्ता घाला, आणि पहिली दोन मिनिटं झारा तळापर्यंत नेऊन हलवत राहा. चिकटायचा धोका तेव्हाच सगळ्यात जास्त असतो. उकळी परत येईपर्यंत झाकण ठेवायला हरकत नाही, मग काढा, नाहीतर फेस उतू जाईल. तेल नको. ते वर तरंगतं, तळाच्या नळ्यांपर्यंत पोचत नाही, आणि गाळताना मात्र सगळ्यांना लागतं. मग सॉस घसरतो.

तवाकढई:
धुण्याबद्दल मी सहमत नाही. हक्का नूडल्स उकडल्यावर थंड पाण्याखाली धरून तेल लावलं की मस्त मोकळ्या राहतात. पास्त्यालाही तेच लागू आहे. धुतलं की शिजणं तिथेच थांबतं.

रवाळ:
शिजणं थांबतं हे बरोबर. हक्का नूडल्सना ते योग्यही आहे, कारण त्या मोठ्या आचेवर कोरड्या परतायच्या असतात. इथे उलट काम आहे. नळीवरचा स्टार्च सॉसमधल्या तेलाला आणि पाण्याला एकत्र धरतो. तो धुऊन टाकला की टोमॅटोचं पाणी वेगळं आणि तेल वेगळं, म्हणजे ताईंच्या ताटलीत जे होतंय तेच. थंड सॅलडचा पास्ता मात्र खुशाल धुवा.

आजीचाडबा:
तीस ग्रॅम मीठ वाचून दचकायला झालं. घरात बीपीचं माणूस आहे. आणि मीठ घातल्यानं पाणी लवकर उकळतं ना, मग थोडंसं पुरेल की?

रवाळ:
लवकर उकळत नाही. उकळायचं तापमान उलट किंचित वाढतं, पण इतकं थोडं की हिशेबात धरायची गरज नाही. मीठ चवीसाठीच आहे. पास्ता पाणी पितो तेव्हाच ते आत जातं, नंतर वरून घातलेलं वरच राहतं. बरंचसं मीठ गाळलेल्या पाण्याबरोबर जातं, पण सगळं नाही. त्यामुळे बीपी असेल तर लिटरला 5 ग्रॅम घाला आणि सॉसमधलं मीठ अगदी शेवटी, चाखून. डॉक्टरांनी मीठ बंद सांगितलं असेल तर त्यांचा वाटा बिनमिठाच्या पाण्यात वेगळा उकडा.

टिफिनवाली:
मुलीच्या डब्यासाठी मॅकरोनी कुकरला किती शिट्ट्या?

तवाकढई:
ताई, कुकर इथे नुसता भांडं म्हणून आहे, झाकण लावायचं नाही.

टिफिनवाली:
अच्छा. पण माझी सुटी मॅकरोनी उघड्या भांड्यातही पटकन लगदा होते, आणि ती मधली कणी वगैरे दिसतच नाही.

रवाळ:
सुट्या मालात बऱ्याचदा मैदा किंवा साधा रवा असतो. ड्युरम गव्हाच्या, म्हणजे आपला बन्सी रवा ज्या जातीच्या गव्हाचा असतो त्याच्या, पास्त्यात प्रथिनांची जाळी घट्ट असते आणि ती स्टार्च धरून ठेवते. मैद्याचा पास्ता कच्च्यावरून थेट मऊ होतो, मधला टप्पा फार थोडा वेळ टिकतो. धायरीकर ताई, तुमच्या पाकिटावर घटक काय आहेत?

धायरीकर:
फक्त ड्युरम व्हीट सेमोलिना लिहिलंय. मग अल देंते कसं ओळखू? टाइलवर फेकून चिकटला की झाला, असं ऐकलंय.

रवाळ:
टाइल सोडा. चिकटतो तो वरचा स्टार्च, आत काय चाललंय ते त्यातून कळत नाही. आठव्या मिनिटाला एक नळी काढा, सुरीनं आडवी कापा आणि कापलेल्या कडेकडे उजेडात पाहा. नळीच्या भिंतीत बाहेरून आणि आतून पिवळसर, जरा पारदर्शक थर दिसेल, आणि दोन्हींच्या मधे पांढरं कडं. कडं जाड आणि सलग असेल तर अजून कच्चा. दर मिनिटाला पाहत राहा. ते दोऱ्याइतकं बारीक होऊन मधे मधे तुटलं की गाळा. चावलंत तर दाताला हलका विरोध जाणवतो, पण पीठ दातात चिकटत नाही. कडं पूर्ण गेलं असेल तर पास्ता शिजलेला आहे, आणि सॉसमध्ये गेल्यावर तो आणखी मऊ होईल.

पाकिटावरच्या 11 मिनिटांना चिकटून राहू नका. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर आहे, इथे पाणी 98 अंशांच्या आसपास उकळतं, त्यामुळे थोडा वेळ जास्त लागू शकतो. दोन भांड्यांची वेळही सारखी येणार नाही, नळी दोन्हींतून कापून पाहा.

गाळण्याआधी दोन वाट्या पाणी बाजूला काढा. पेन्ने गरम सॉसमध्ये टाकून त्यातलं पाऊण वाटी पाणी घाला, मोठ्या आचेवर मिनिट-दीड मिनिट हलवा. सॉस नळीला धरला की बंद. पाणी खारट असतं, म्हणून सॉस आधी अळणी ठेवा.

कमीपाणी:
इतक्या पाण्याची गरजच नाही. पसरट कढईत 500 ग्रॅमला दोन-अडीच लिटरही पुरतं, आणि ते पाणी दाट होऊन सॉसला जास्त उपयोगी पडतं.

रवाळ:
होतं, पण सतत हलवणारा माणूस शेगडीजवळ हवा, आणि मीठ लिटरच्या हिशेबानं कमी करायला हवं. पाहुणे आलेले असताना मी जास्त पाणीच सुचवेन.

धायरीकर:
आणखी एक. पाहुणे आठला येणार, मला पास्ता पाचलाच उकडून ठेवायचा आहे. मग?

रवाळ:
मग सातव्या मिनिटालाच गाळा, परातीत एका थरात पसरा आणि दोन चमचे तेल लावा. निवला की झाकून फ्रिजमध्ये. रात्री पातळ सॉस आणि ते राखलेलं पाणी घालून तीन-चार मिनिटं शिजवून घ्या. तेलानं सॉस थोडा कमी धरेल, पण नळ्या सुट्या राहतील.

तवाकढई:
या वेळी तरी धुवा की. उष्णता लगेच निघून जाईल, तेलही नको. स्टार्च राखलेल्या पाण्यातून मिळतोच.

रवाळ:
थोडा मिळतो, सगळा नाही. मी परातच निवडेन.

धायरीकर:
पाकीट 500 चं आहे, तर शुक्रवारी 50-50 ग्रॅम दोन्ही रीतींनी करून पाहते आणि इथे लिहिते. उरलेल्या 400 ग्रॅममध्ये सहा जणांचं भागेल ना? सोबत गार्लिक ब्रेड आणि सूप आहे.

टिफिनवाली:
ब्रेड आणि सूप असेल तर आरामात भागेल.