मदत हवी आहे: शनिवार-रविवारच्या ऑन-कॉल रनबुकमध्ये 'क्यू कधी थांबवायची' हे कसं लिहावं?

पर्वरीकर
पर्वरीला आमची चार जणांची टीम आहे. छोट्या हॉटेलांचं बुकिंग सॉफ्टवेअर सांभाळतो. कन्फर्मेशन आणि रिफंड, दोन्ही एकाच एसक्यूएस क्यूमधून जातात. वर्कर ईसीएसवर चालतात. सुट्टीच्या दिवशी आळीपाळीने एकजण फोनवर असतो.

गेल्या शनिवारी संध्याकाळी पेमेंट गेटवे मंदावला. एरवी ४ सेकंदांत येणारं उत्तर ४५ सेकंदांनी येऊ लागलं आणि काही पाहुण्यांना रिफंड दोनदा गेले. ड्युटीवरच्या मुलीने रनबुक उघडलं, तर त्यात "क्यू १००० च्या वर गेली की थांबवा" एवढंच. क्यू तेव्हा जेमतेम २०० होती, म्हणून तिने हात लावला नाही. तिने सांगितलं तेच केलं. ती ओळच बदलायला हवी. तिथे काय लिहू? चवथीला तिघेजण आपापल्या गावी जातील, त्याआधी हे व्हायला हवं.

फोंडा_बॅकएंड
फिफो क्यू घ्या. त्यात डुप्लिकेट येतच नाहीत, थांबवायची वेळच येणार नाही.

रात्रपाळी
फिफो डुप्लिकेट अडवते ते मेसेज पाठवताना, तेही ५ मिनिटांच्या आतले. इथला दुसरा रिफंड क्यूच्या पुढच्या टोकाला तयार झालाय.

पर्वरीकर, व्हिजिबिलिटी टाइमआउट बदललेला नसेल तर तो ३० सेकंद आहे. वर्करने ७ वाजता रिफंडचा मेसेज उचलला आणि गेटवेच्या उत्तराची वाट बघत बसला. ३० व्या सेकंदाला क्यूने तोच मेसेज पुन्हा मोकळा केला, दुसऱ्या वर्करने उचलला आणि गेटवेला दुसरी विनंती गेली. पहिलीचं उत्तर ४५ व्या सेकंदाला आलं, तेही यशस्वी. फिफोतही हेच झालं असतं.

म्हणून लांबी बघून थांबवू नका. गर्दीच्या शनिवारी क्यू लांबणारच, आणि तेव्हा थांबवली तर उगाच तुंबेल. आधी `ApproximateAgeOfOldestMessage` बघा, मग लॉगमध्ये एकच बुकिंग नंबर दोन वर्करांकडे दिसतोय का ते. दिसला की लगेच थांबवा. गेटवे स्पष्ट नकार देत असेल तर पैसे हललेले नसतात, थोडं थांबता येतं. उत्तरच येत नसेल तर पैसे गेले की नाही हे कुणालाच माहीत नसतं. खरा धोका तोच.

```
aws ecs update-service --cluster booking \
  --service worker --desired-count 0
```

याआधी ऑटोस्केलिंग सस्पेंड करा. नाहीतर क्यू वाढली की तेच वर्करना पुन्हा उभं करेल आणि ड्युटीवरच्या माणसाला वाटेल की सगळं बंद आहे.

कळंगुट_फ्रंटडेस्क
मी हॉटेलच्या काउंटरवर असतो, तुमच्या क्यूमधलं मला कळत नाही. पण आमचं सॉफ्टवेअर असंच बंद पडलं तेव्हा पाहुणा बॅगा घेऊन समोर उभा आणि आमच्याकडे बुकिंगच नाही. कंपनीकडून कुणी कळवलंही नाही. थांबवणार असाल तर हॉटेलांना एक मेसेज टाका, आम्ही वहीत लिहून घेऊ.

पर्वरीकर
हे यादीत नव्हतंच, आभार. रिफंड थांबवला की कन्फर्मेशनही थांबतं ही आमची अडचण आहेच. थांबवलेली क्यू सोमवारपर्यंत टिकेल ना?

रात्रपाळी
मेसेज मूळ सेटिंगला ४ दिवस राहतात. शुक्रवारी रात्रीचा मेसेज मंगळवारी रात्री जाईल, म्हणजे सोमवार निभतो. पण डेड-लेटर क्यू १४ दिवसांवर ठेवा. साध्या क्यूत मेसेज तिकडे गेला तरी त्याचं वय पहिल्या दिवसापासूनच मोजतात.

या आठवड्यात रिफंडची क्यू वेगळी करा, म्हणजे कळंगुटचा पाहुणा अडकणार नाही. टाइमआउट ३ मिनिटांवर न्या. आणि गेटवे घेत असेल तर प्रत्येक रिफंडला ठरलेली आयडेम्पोटन्सी की पाठवा. दुसरी विनंती गेली तरी पैसे एकदाच जातील. की नसेल तर क्यू पुन्हा सुरू करण्याआधी अडकलेले रिफंड गेटवेच्या डॅशबोर्डवर एकेक तपासावे लागतील.

फोंडा_बॅकएंड
फिफोचं पटलं. फोन कुणाला आधी? आमच्याकडे मालकांना विचारल्याशिवाय काही थांबवत नाहीत.

रात्रपाळी
रिफंडची क्यू ड्युटीवरच्याने स्वतः थांबवावी आणि मग फोन करावा. मालकांचा फोन लागेपर्यंत पैसे जातच राहतात. त्यानंतर गेटवेचा सपोर्ट, मग हॉटेलं. चवथीला गावात रेंज नसते, तेव्हा दुसऱ्या माणसाचा घरचा लँडलाइन नंबरही लिहून ठेवा.

पर्वरीकर
रिफंडपुरतं मालक मान्य करतील. कन्फर्मेशन मात्र डिसेंबरात न विचारता थांबवायला ते तयार नाहीत, आणि त्यांचंही मला पटतं. क्यू वेगळी करायचं काम आज सुरू करतोय. कन्फर्मेशनचा अधिकार तुमच्या टीममध्ये कुणाकडे असतो, तेवढं कुणीतरी सांगा.