अनुभव धागा : असाइनमेंटवर वाङ्मयचौर्याचा ठपका आला, संदर्भातील चूक मान्य केली, पण शिक्षेला हरकत घेतली

धागाकर्ती, लातूर (एम. ए. अर्थशास्त्र, दुसरे सत्र)

गेल्या महिन्यात मला विभागाकडून कारणे दाखवा नोटीस आली. मराठवाड्यातील पाणीटंचाई आणि पीकपद्धती या विषयावर मी सुमारे २४०० शब्दांची असाइनमेंट दिली होती आणि तिचा साम्य अहवाल ३४ टक्क्यांचा निघाला. नोटिशीत प्रस्तावित केलेली शिक्षा तिहेरी होती : या असाइनमेंटला शून्य, त्या विषयाच्या अंतर्गत मूल्यमापनाच्या सर्व ४० गुणांना शून्य, आणि चालू सत्रात त्या विषयाच्या परीक्षेला बसण्यास मनाई. असाइनमेंट स्वतः केवळ १० गुणांची होती. हा विषय आमच्याकडे वर्षातून एकाच सत्रात असतो, त्यामुळे परीक्षा हुकली तर माझे पूर्ण वर्ष जाणार होते.

पहिल्या रात्री मी जो खुलासा लिहिला, त्यात ‘मी काहीही कॉपी केलेले नाही’ असे वाक्य होते. सुदैवाने तो दिला नाही. दुसऱ्या दिवशी विभागात जाऊन संपूर्ण अहवाल मागून घेतला आणि रंगवलेली प्रत्येक ओळ माझ्या प्रतीशी ताडून पाहिली. ३४ पैकी साधारण १६ टक्के भाग संदर्भयादी, छापील प्रश्न आणि अवतरणचिन्हांत नाव देऊन घेतलेली वाक्ये यांचा होता. उरलेले १८ टक्के म्हणजे सुमारे ४३० शब्द होत. त्यातील काही शासकीय योजनांची लांबलचक नावे आणि चार-पाच शब्दांचे तुकडे होते. परंतु जवळपास ३०० शब्द एका शासकीय अहवालातील दोन परिच्छेदांचे होते, आणि ते मी खरोखरच जवळजवळ जसेच्या तसे उतरवले होते. अहवालाचे नाव शेवटच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर होते, पण परिच्छेदांपाशी ना अवतरणचिन्ह होते, ना पृष्ठक्रमांक. टिपणवहीत मी ते शब्दशः लिहून घेतले होते आणि लिहिताना ते माझेच वाक्य आहे असे समजून पुढे गेले.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, ही घटना सर्वांना ठाऊक आहे आणि तिच्यासाठी कोणाचेही वाक्य उसने घ्यावे लागत नाही. मी उसने घेतले होते ते त्या टंचाईच्या कारणांचे विश्लेषण, म्हणजे ऊस, भूजल आणि पर्जन्यमान यांची सांगड, आणि तेच त्या लिखाणातील दुसऱ्याचे श्रम होते. हे लक्षात आल्यावर मी खुलाशात पुढील मजकूर लिहिला :

‘महोदय, पान ४ व पान ७ वरील दोन परिच्छेद (सुमारे ३०० शब्द) संदर्भयादीतील तिसऱ्या क्रमांकाच्या अहवालातून जवळजवळ शब्दशः घेतलेले असून त्या ठिकाणी अवतरणचिन्हे व पृष्ठक्रमांक दिलेले नाहीत. ही माझी चूक आहे व ती मी मान्य करते. याबद्दल कारवाई होऊ नये असे माझे म्हणणे नाही. तथापि मूळ स्रोताचे नाव मी लपवलेले नाही, ही माझी पहिलीच चूक आहे, आणि १० गुणांच्या कामातील दोषासाठी ४० गुण व परीक्षेची संधी काढून घेणे हे झालेल्या चुकीच्या मानाने फार जास्त आहे, असे मला नम्रपणे नमूद करावयाचे आहे. सदर शिक्षा कोणत्या नियमाच्या कोणत्या कलमान्वये प्रस्तावित आहे, ते कळवावे आणि मला प्रत्यक्ष म्हणणे मांडण्याची संधी द्यावी, ही विनंती.’

सोबत टिपणवहीच्या त्या पानांची छायाप्रत आणि दोन्ही परिच्छेदांची दुरुस्त आवृत्ती जोडली. सुनावणी झाली आहे, निर्णय यायचा आहे. ज्यांनी असा खुलासा दिला आहे किंवा ज्यांनी तो वाचून निर्णय दिला आहे, त्यांनी आपले अनुभव सविस्तर लिहावेत.

परभणीहून, बी. एड. विद्यार्थी

ताई, तुम्ही उगाच इतके मान्य केलेत असे मला वाटते. यूजीसीच्या २०१८ च्या विनियमांत स्पष्ट लिहिले आहे की १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षाच नाही, आणि १० ते ४० टक्क्यांच्या दरम्यान असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रत द्यायची, एवढेच. तुमचे १८ टक्के आहेत. म्हणजे शून्य गुण देण्याचा अधिकारच विभागाला नाही. माझ्या मित्राने प्रकल्प अहवालाच्या वेळी हाच नियम दाखवला आणि त्याला फक्त पुन्हा लिहायला सांगण्यात आले.

नांदेडहून, सेवानिवृत्त प्राध्यापक

वरील टक्केवारी बरोबर आहे, पण ती या प्रकरणाला थेट लागू होत नाही, आणि खुलाशात ती हक्क म्हणून लिहिली तर समिती पहिल्याच परिच्छेदात तुमचे म्हणणे बाजूला ठेवील. त्या विनियमांतील शिक्षेचे टप्पे प्रबंध आणि लघुप्रबंध यांच्यासाठी आहेत. ‘स्क्रिप्ट’ या शब्दाची जी व्याख्या तेथे दिली आहे, तीतून असाइनमेंट, टर्म पेपर, प्रकल्प अहवाल, निबंध आणि उत्तरपत्रिका स्पष्टपणे वगळलेल्या आहेत. आपल्या मित्राला जी सवलत मिळाली ती विभागाच्या समजूतदारपणाने मिळाली असावी.

असाइनमेंटसाठी पाहावे लागते ते आपल्या विद्यापीठाचा आणि महाविद्यालयाचा अंतर्गत मूल्यमापनाचा नियम, तसेच सत्राच्या सुरुवातीला दिलेल्या सूचना. त्यामुळे धागाकर्तीने ‘कोणत्या कलमान्वये’ असे विचारले, ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. मी तीन वेळा अशा समितीवर होतो आणि दोन वेळा असे दिसून आले की प्रस्तावित शिक्षेला लेखी आधारच नव्हता. परीक्षेतील कॉपीचा नियम सवयीने असाइनमेंटला लावला गेला होता. परीक्षेला बसू न देणे हा निर्णय बहुधा विभागाच्या अखत्यारीतही नसतो.

यूजीसीच्या टप्प्यांचा उपयोग मात्र करता येतो, तुलना म्हणून. ‘पदवी ज्यावर अवलंबून असते त्या प्रबंधालासुद्धा १० ते ४० टक्क्यांच्या टप्प्यात सुधारणेची संधी दिली जाते, मग १० गुणांच्या कामाला ती का नसावी,’ असे लिहिले तर ते प्रमाणबद्धतेविषयीचे म्हणणे ठरते आणि वाचणाऱ्यालाही पटते.

आणखी एक गोष्ट मला कळकळीने सांगावीशी वाटते. टक्क्यांवर सगळा भार टाकू नये. निष्कर्षाचा परिच्छेदच दुसऱ्याचा असेल तर ५ टक्केही गंभीर असतात, आणि नावे व सूची यांमुळे आलेले ३० टक्के निरुपद्रवी असू शकतात. आम्ही समितीत आकडा बाजूला ठेवून रंगवलेल्या ओळीच वाचत असू. ज्या विद्यार्थ्याने त्या ओळी आमच्या आधी स्वतः वाचलेल्या असत, तो त्याच्या खुलाशावरून लगेच ओळखू येई.

जालन्याहून, माजी विद्यार्थिनी

माझी चूक नेमकी उलट झाली. घाबरून मी एका ओळीचा माफीनामा दिला : ‘माझ्याकडून वाङ्मयचौर्य झाले आहे, मला क्षमा करावी.’ किती मजकूर, कोणत्या पानावर, स्रोत यादीत होता की नव्हता, यातले काहीच लिहिले नाही. नंतर शिक्षा कळली तेव्हा मी अपील केले, तर उत्तर आले की विद्यार्थिनीने आरोप पूर्णपणे मान्य केलेला असल्याने फेरविचाराचे कारण दिसत नाही. माझ्याही बाबतीत स्रोताचे नाव यादीत होते, पण ते सांगण्याची वेळ निघून गेली होती. सत्र गेले. वडील बाजार समितीत हमाली करतात, आणि एका सत्राची खोली आणि मेस याचा खर्च म्हणजे काय असतो हे मला माहीत आहे.

बीडहून, अभियांत्रिकी पदविका

माझ्या बाबतीत मी काहीच घेतले नव्हते. वर्गमित्राने माझी फाइल पेन ड्राइव्हवरून घेतली, वरचे नाव बदलले आणि जमा केली, आणि शून्य दोघांनाही मिळाले. मी फाइल तयार झाल्याची तारीख दाखवली, तरी सरांनी सांगितले की फाइल देणाराही तितकाच जबाबदार असतो. अशा वेळी काय मान्य करावे?

नांदेडहून, सेवानिवृत्त प्राध्यापक

आपले प्रकरण वेगळे आहे. येथे संदर्भ देण्याचा प्रश्न नसून लिखाण कोणाचे याचा आहे, आणि जे केलेच नाही ते मान्य करण्याचे कारण नाही. फाइल स्वतः दिली होती की नकळत घेतली गेली, एवढेच खरेखरे लिहावे.

धाराशिवहून, वरिष्ठ महाविद्यालयातील अध्यापिका

मी दुसऱ्या बाजूने लिहीत आहे. एका सत्रात ६० ते ७० असाइनमेंट वाचाव्या लागतात आणि ‘नाव यादीत दिले होते’ हा खुलासा मला दर वर्षी मिळतो. शेवटी यादी देणे म्हणजे मजकुरात संदर्भ देणे नव्हे. कोणते वाक्य तुमचे आणि कोणते अहवालाचे, हे यादीवरून वाचणाऱ्याला कळत नाही आणि मी मग दुसऱ्याच्या विश्लेषणाला गुण देऊन बसते. त्यामुळे त्या असाइनमेंटला शून्य देणे मला कठोर वाटत नाही, आणि टिपणवहीतून चूक झाली हे खरे असले तरी पदव्युत्तर वर्गात ते पुरेसे कारण नाही. परीक्षेला बसू न देणे मात्र अवाजवी आहे, हे मला मान्य आहे. माझ्या मते हरकत तेवढ्यापुरतीच घ्यायला हवी होती.

नांदेडहून, सेवानिवृत्त प्राध्यापक

मॅडम, पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना संदर्भ कसा द्यावा हे वर्गात शिकवले गेले होते का, हा प्रश्न मी समितीत नेहमी विचारत असे. त्याचे उत्तर ‘नाही’ असेल तर शून्यही मला जड वाटते. यावर आपले एकमत होईल असे नाही.

धागाकर्ती, लातूर

निर्णय काल हाती आला. परीक्षेची मनाई आणि ४० गुणांचे शून्य दोन्ही मागे घेतले आहे. असाइनमेंट १५ दिवसांत पुन्हा लिहून द्यायची असून तिला जास्तीत जास्त ५ गुण मिळतील, आणि लेखी ताकीद विभागाच्या नस्तीत राहील. सुनावणीत मला ते दोन परिच्छेद न बघता समजावून सांगण्यास सांगितले होते, आणि विषय मला येतो हे त्यामुळे दिसले असे पत्रात नमूद आहे. ताकीद वर्तणुकीच्या दाखल्यावर येईल का, असे मी लेखी विचारले आहे आणि त्याचे उत्तर अजून मिळालेले नाही.

धाराशिवच्या मॅडमचे म्हणणे मी दोनदा वाचले. नव्या प्रतीत पान ४ वर आता अहवालाची फक्त दोन वाक्ये अवतरणचिन्हांत आणि पृष्ठक्रमांकासह ठेवली आहेत, आणि त्यांच्याखाली आमच्या गावातील बोअर कोणत्या वर्षी किती खोल गेले ते वडिलांना आणि चुलत्यांना विचारून माझ्या शब्दांत लिहिले आहे. ती माहिती कोणाकडून आणि कधी मिळाली, हेही तळटीपेत दिले आहे.