मदत हवी आहे: बीजीएमआयमध्ये कडेचा टच मध्येच गायब होतोय

मंडळी, मी चार बोटांनी खेळतो. डाव्या तर्जनीचं फायर बटण अगदी वरच्या कडेला ठेवलंय. ऐन फाइटमध्ये तेच दाबलं जात नाही, आणि समोरचा आरामात लोळवून जातो!

आधी वाटलं टच सॅम्पलिंग कमी पडतंय. गेम मोडमध्ये ते वाढवलं, तर क्रॉसहेअर बोटामागे जरा पटकन येतो, पण फायरचा घोळ तसाच. मग Developer options मधलं Pointer location चालू केलं. चार बोटं मधोमध टेकवली की वर P: 4 / 4 दिसतं. तेच डावं बोट कडेला नेलं, तळहात फ्रेमला टेकला, की 3 वर येतं. म्हणजे टच गेमपर्यंत पोचतच नाहीये, पाम रिजेक्शन तो आधीच गिळतंय. सेन्सिटिव्हिटी कितीही वाढवा, काय उपयोग?

कडेचे चुकून झालेले टच अडवणारी संरक्षित पट्टी कमीत कमी केली, तर फायर लागतं, पण तळहाताने कॅमेरा भलतीकडेच फिरतो.

पट्टी मधल्या पायरीवर ठेवून बटण अर्धा सेंटिमीटर आत घ्यावं का? कोणी असं जमवलंय? टेम्पर्ड ग्लास आहे, घामही येतो हाताला. तुमची सेटिंग सांगा.