‘सबब’ की ‘कारण’? बुडालेल्या तासाच्या ईमेलमधले शब्द

मेघना: ब्रॉडबँड बंद पडल्याने भाच्याचा ऑनलाइन तास बुडाला. त्याने मॅडमना ईमेल लिहिलाय: ‘ब्रॉडबँड सेवा खंडित झाल्याच्या सबबीमुळे मी अनुपस्थित होतो. पुरावा सोबत जोडत आहे.’ ‘सबब’ कानाला खटकतो, पण अर्जांत तर सर्रास दिसतो. इथे चालेल का?

वसंतराव: नाही चालणार. अर्जात तो वाक्याच्या सुरुवातीला येतो आणि तिथे त्याचा अर्थ ‘म्हणून’ असा असतो: ‘सबब, रजा मंजूर व्हावी ही विनंती.’ मूळ अरबी शब्दाचा अर्थ साधा ‘कारण’ असा आहे. पण आज ‘सबब सांगितली’ म्हटलं की ऐकणाऱ्याला बहाणाच ऐकू येतो. म्हणजे मुलगा स्वतःच्या तोंडाने ‘मी बहाणा करतोय’ असं लिहून बसलाय. शिवाय ‘सबबीमुळे’ या एका शब्दात कारण दोनदा आलंय. ‘सेवा बंद पडल्यामुळे’ एवढं पुरे.

केदार: ‘खंडित’ही चूकच. मध्ये तुटून लगेच पुन्हा जोडलं जातं त्यालाच खंडित म्हणतात.

वसंतराव: लगेच जोडलं जाण्याची अट नाही. ‘वीजपुरवठा खंडित’ आपण तासन्‌तास वीज नसली तरी म्हणतो. मात्र चालू असलेलं मध्येच तुटलं, हा अर्थ त्यात आहे, तेवढं तुमचं बरोबर. सकाळपासूनच नेट नव्हतं तर मी ‘बंद होती’ लिहीन.

वैशाली: आमच्याकडे वीज गेली की वाय-फाय जातं. तेव्हाही ‘ब्रॉडबँड बंद’ असंच लिहायचं ना?

स्नेहल: नाही, तेव्हा वीज गेली असंच लिहा. कंपनीची सेवा चालूच असते, तुमचा राउटर बंद असतो. शिक्षकांनी कंपनीची नोंद मागितली तर तुमच्याकडे ती नसेल.

मेघना, मुलगा तासाला मुळीच आला नव्हता, की मधूनच बाहेर पडला?

मेघना: १० चा तास. वेळेवर आला होता, १०:१२ ला तुटलं. ११:३५ ला नेट परत आलं.

स्नेहल: मग ‘अनुपस्थित’ काढाच. बैठकीच्या हजेरी-नोंदीत सहसा आल्या-गेल्याची वेळ असते. मॅडमना तिथे १२ मिनिटं दिसतील आणि ईमेलमध्ये ‘अनुपस्थित’, तर दोन्ही जुळणार नाही. जोडलंय काय?

मेघना: ब्राउझरचा स्क्रीनशॉट, `ERR_INTERNET_DISCONNECTED` असा. आणि राउटरवरच्या लाल दिव्याचा फोटो.

स्नेहल: तो स्क्रीनशॉट वगळा. उपकरण कुठल्याच नेटवर्कला जोडलेलं नसलं की तो संदेश येतो. नुसतं वाय-फाय बंद केलं तरी तोच दिसतो. वाय-फाय जोडलेलं असून पुढे नेट नसेल, तर बहुधा `DNS_PROBE_FINISHED_NO_INTERNET` दिसतं. लाल दिवा `LOS` चा असेल तर फोटो उपयोगी आहे: फायबरमधून येणारा प्रकाश राउटरपर्यंत पोहोचत नव्हता, एवढं त्यावरून कळतं. तार बाहेर तुटली की घरातच सैल झाली, हे मात्र कळत नाही. म्हणून तक्रार नोंदवल्याचा कंपनीचा मेसेज सर्वांत भक्कम. तो आहे का?

मेघना: आहे, १०:२० चा. फोन वडिलांचा होता आणि ते कामावर निघाले, म्हणून मुलाला मोबाइलवरून तासाला बसता आलं नाही.

स्नेहल: हे ईमेलमध्ये यायलाच हवं. ‘मोबाइल डेटा का नाही वापरला?’ हाच पहिला प्रश्न येतो. असं लिहायला सांगा:

> विषय: आजचा १० चा गणिताचा तास: १०:१२ नंतर उपस्थित राहता आले नाही
>
> आदरणीय मॅडम,
> आज १०:१२ वाजता घरचे ब्रॉडबँड बंद पडले आणि मी तासातून बाहेर पडलो. १०:२० ला कंपनीकडे तक्रार नोंदवली. घरातला मोबाइल वडिलांबरोबर कामावर गेल्याने त्यावरून जोडता आले नाही. सेवा ११:३५ ला सुरू झाली. तक्रारीचा मेसेज व राउटरचा फोटो सोबत आहे. राहिलेला भाग कुठून पाहू, ते कृपया कळवावे.

केदार: यात ‘पुरावा’ शब्दच नाही!

स्नेहल: मुद्दाम टाळला. जोडलंय काय ते नावानिशी सांगितलं की झालं. ‘पुरावा’ म्हटलं की आरोप झाल्यासारखं वाटतं.

वसंतराव: मला हे पटत नाही. मॅडमनी पुरावा मागितला असेल, तर त्यांचाच शब्द वापरण्यात काही वावगं नाही. ‘मागितलेला पुरावा सोबत जोडला आहे’ हे नम्रच वाक्य आहे.

मेघना: त्यांनी वर्गाला दिलेल्या सूचनेत ‘प्रूफ’ असं आहे. मेसेजमध्ये ग्राहक क्रमांकही दिसतोय, तो कापून टाकू?

स्नेहल: कापू नका, फक्त तेवढा क्रमांक झाका. कापताना वरची तारीख-वेळ गेली, तर तो मेसेज कुठल्याही दिवसाचा असू शकतो. तक्रार क्रमांक मात्र दिसू द्या.