दहावी: क्रीडा गुण धरून 504 होतात, निकालात 500च कसे?

रेवाची_आई: मुलीचे चार गुण खाल्लेत. आम्ही तीनदा बेरीज केली, 504च येते. निकालात मात्र 100.00% एवढंच. शाळेतले सर म्हणतात बरोबर आहे, पुढे बोलायलाच तयार नाहीत. मराठीला 92च पडलेत, तीही गुणपडताळणीला टाकायची आहे. तारीख जवळ आलीय, लवकर सांगा.

खडूफळा: कशाची बेरीज? सगळे विषय टाका. क्रीडा गुण किती, मेडलचे की नुसत्या सहभागाचे?

रेवाची_आई: मराठी 92, इंग्रजी 93, संस्कृत 99, गणित 98, विज्ञान 97, समाजशास्त्र 97. खो-खो, नॅशनलला कांस्य, 20 गुण.

बापू_सांगली: आमच्या पुतण्याला गणितात काठावर अडकल्यावर क्रीडा गुणांनी तारलं होतं. शाळेने प्रस्ताव पाठवला की होतं काम.

खडूफळा: बापू, ती नापास झालेली नाही हो! ताई, बेस्ट ऑफ फाइव्हमध्ये सगळ्यात कमी गुणांचा विषय गळतो. तुमचा मराठी गळला. उरलेल्या पाचांचे 484, त्यात 20 मिळवले की 504. पण टक्केवारी 500 पैकी आहे, म्हणून 500 वर थांबते. तुम्हाला 16च गुण लागत होते, बाकीचे चार कुठेच मोजले जात नाहीत.

रेवाची_आई: म्हणजे तिच्या मैत्रिणीचे 485 अधिक राज्यस्तराचे 15, तीही 500? नॅशनल खेळून काय मिळालं मग?

खडूफळा: यादीत दोघी सारख्याच. 2025 ला राज्यात 211 जणांना 100 टक्के होते.

निळा_कुंचला: इंटरमिजिएट ड्रॉइंगला ए ग्रेड असेल तर 7 गुण असतात. तेही मागा.

खडूफळा: मागून करायचं काय? 500 चे 507 होणार नाहीत. रेवाचे राज्यस्तराचे 15 असते तर 499 झाले असते, मग त्या सातातला एक गुण कामी आला असता.

निळा_कुंचला: पण कला आणि क्रीडा दोन्ही एकत्र मिळतात का? आमच्या शाळेत एकच धरलं होतं.

बापू_सांगली: दोन्ही मिळतात.

निळा_कुंचला: कुठे लिहिलंय दाखवा.

खडूफळा: भांडा तुम्ही. ताई, मराठीची गुणपडताळणी कशाला? 92 चे 95 झाले तर इंग्रजी गळेल आणि 484 चे 486 होतील. मिळून 506, पण छापणार 500च. अगदी 100 मिळाले तरी 491 आणि 20, परत 500. अकरावीच्या यादीत एका जागेचाही फरक पडणार नाही.

रेवाची_आई: फी कालच भरलीय. परत मिळते का?