मदत हवी आहे: पैशांची आठवण करणारं पत्र इंग्रजीत, आब राखून

वेंगुर्ल्यात आमचा काजूगराचा छोटा कारखाना आहे. लंडनच्या जुन्या गिऱ्हाइकाकडून बिलाची उरलेली रक्कम यायची आहे. काकांनी मराठीत ईमेल लिहून दिलाय, इंग्रजी मी करतोय. अडलंय ते या वाक्यावर:

'आपल्या सवडीने, परंतु महिनाअखेरपर्यंत, उर्वरित रक्कम पाठविण्याची कृपा करावी, ही नम्र विनंती.'

शब्दाला शब्द ठेवून 'वुई हम्बली रिक्वेस्ट यू टू काइंडली' असं केलं, तर हात पसरल्यासारखं वाटतं. नुसतं 'प्लीज पे बाय द थर्टी-फर्स्ट' म्हणजे वसुलीची नोटीसच. 'अ‍ॅट युअर कन्व्हीनियन्स' घातलं तर तारखेला अर्थच उरत नाही. सवड आणि मुदत एका वाक्यात मराठीत नांदतात, इंग्रजीत भांडतात.

सध्या इथवर आलोय: 'वुई वुड बी ग्रेटफुल इफ यू कुड अरेंज द बॅलन्स पेमेंट बाय द थर्टी-फर्स्ट.' मान 'वुड' आणि 'कुड'मध्ये आला, म्हणून 'हम्बली', 'काइंडली' दोन्ही काढले. पण काकांना हे कोरडं वाटतं, आणि सही त्यांची आहे.

सुरुवात 'डिअर मिस्टर' आणि आडनाव अशीच राहील. बिलाबद्दल वाद नाही, व्याज किंवा दंड काढायचा नाही. फोन नको, लेखीच हवं.

लंडनकडच्या लोकांशी नेहमी पत्रव्यवहार करणाऱ्यांनी सांगावं: सवडीचा भाव दाखवायला आधी एखादं वेगळं वाक्य घालावं का, आणि कोणतं, म्हणजे तारीख ढिली पडणार नाही?